भाडं बाबांच्या खात्यातून गेलं, पण ते मुलीचंच भाडं

इंदूरच्या सुदामा नगरातलं दुमजली घर. खाली एक कुटुंब भाड्याने, वरच्या दोन खोल्यांत विजय नगरातल्या एका कंपनीत नोकरी करणारी मुलगी, आणि मागच्या बाजूला घरमालक काका स्वतः. मुलीचा करार ११ महिन्यांचा, १ जून २०२५ पासून. भाडं महिना ११,५०० रुपये, त्याच महिन्याच्या ५ तारखेपर्यंत घरमालकाच्या खात्यात. वीज वेगळी: वरच्या मजल्याच्या सबमीटरवर जितके युनिट पडतील तितके, ८ रुपये युनिटने. करारावर सही मुलीची, पोलीस पडताळणीचा फॉर्म मुलीच्या नावाचा. बाबा उज्जैनला. त्यांचं नाव करारात फक्त कायमच्या पत्त्यापुरतं आलेलं.

जून ते ऑगस्ट भाडं तिच्या खात्यातून वेळेवर गेलं. ऑगस्टमध्ये तिने नोकरी बदलली. नव्या ठिकाणी पगार १० तारखेला होतो आणि भाड्याची मुदत ५. म्हणून सप्टेंबरपासून बाबा ५ च्या आत आपल्या खात्यातून काकांना यूपीआयने भाडं पाठवत आणि पगार झाला की मुलगी तेवढे पैसे बाबांना परत करत असे. घरात हे सगळ्यांना माहीत होतं. काकांना मात्र कुणीच सांगितलं नाही. पुढे जे झालं त्याचं मूळ एवढंच आहे.

१८ नोव्हेंबरला काकांचा व्हॉट्सॲप आला: "सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, तीन महिन्यांचं भाडं आलेलं नाही. ३४,५०० बाकी आहेत. आठवड्याभरात भर, नाहीतर खोल्या रिकाम्या कर." मुलीने ऑफिसातूनच घाईत उत्तर दिलं, "काका, बाबांनी भरलंय, स्क्रीनशॉट बघा," आणि बाबांच्या फोनवरचे तीन स्क्रीनशॉट पुढे पाठवले. काकांचं उत्तर: "करार तुझ्याशी आहे, तुझ्या बाबांशी नाही. तू तुझ्या खात्यातून टाक. त्यांचे काय आले असतील ते मी नंतर बघून परत करीन."

बहुतेक भाडेकरू इथेच चुकतात. संबंध बिघडू नयेत म्हणून ते पुन्हा पैसे भरतात आणि आधीचे परत मिळायची वाट बघत बसतात. तसं करू नये. दुसऱ्यांदा भरलं की आपण आपल्याच हाताने कबूल करतो की पहिले पैसे भाड्याचे नव्हते. मग ते पैसे कशाचे होते, कुणाचे होते आणि कुणाला परत द्यायचे, हा वेगळाच वाद सुरू होतो. पण "भरलंय, बघा" म्हणून गप्प बसणंही चूक. स्क्रीनशॉटमधून पैसे निघाल्याचं कळतं. ते पोचले की नाही आणि कुणाच्या वतीने पोचले, हे त्यातून कळत नाही, आणि काकांचा सवाल नेमका तोच होता.

काकांना ते पैसे दिसले का नाहीत, हे पासबुक समोर घेतल्यावर कळलं. ते मोबाइलवर खातं बघत नाहीत, महिन्या-दीड महिन्याने शाखेत जाऊन पासबुक छापून आणतात. छापलेल्या ओळीत आधी `UPI/CR/`, मग १२ आकडी संदर्भ क्रमांक आणि मग पाठवणाऱ्याच्या नावाची पहिली काही अक्षरं. आडनाव कापलेलं. बाबांनी ॲपमध्ये शेरा लिहिला होता, पण तो या पासबुकात उतरतच नाही. सप्टेंबरच्या ११,५०० समोर काकांनी पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढून ठेवलं होतं. नोव्हेंबरला आलेले १२,७४० त्यांनी खालच्या भाडेकरूच्या नावावर धरले होते, कारण त्यांचं भाडं त्या आकड्याच्या आसपास जातं. यात खोटेपणा कुणाचाच नव्हता.

म्हणून पहिलं काम पत्र लिहिण्याचं नाही, जुळणी करण्याचं आहे. बाबांच्या बँकेतून १ सप्टेंबर ते १८ नोव्हेंबरचं स्टेटमेंट पीडीएफमध्ये काढलं आणि प्रत्येक नोंदीचा १२ आकडी क्रमांक काकांच्या पासबुकातल्या क्रमांकाशी ताडून पाहिला. यूपीआय व्यवहाराचा हा क्रमांक पाठवणाऱ्याकडे आणि घेणाऱ्याकडे एकच असतो. नाव कापलं जातं, शेरा गळतो, हा क्रमांक मात्र तसाच राहतो. एनईएफटी असेल तर यूटीआर क्रमांकाने हेच काम होतं.

सप्टेंबर जुळला: ४ तारीख, ११,५००. नोव्हेंबर जुळला: ५ तारीख, १२,७४०. ऑक्टोबरचा क्रमांक काकांच्या पासबुकात कुठेच नव्हता. बाबांच्या स्टेटमेंटमध्ये ५ ऑक्टोबरला ११,५०० वजा झालेले दिसत होते, आणि दुसऱ्याच दिवशी त्याच क्रमांकाने ११,५०० परत जमा. व्यवहार फसला होता आणि पैसे उलटून आले होते. बाबांनी पाठवलेला त्या दिवशीचा स्क्रीनशॉट नीट पाहिल्यावर कळलं की त्यावर "यशस्वी" नव्हतं, "प्रक्रिया सुरू" होतं. यूपीआयमध्ये पैसे खात्यातून गेले पण समोरच्याला पोचले नाहीत, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार ते उशिरात उशिरा पुढच्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत. इथे ते तसेच आले. उलटून आल्याचा एसएमएस कुणी वाचला नाही आणि मुलीने ११ तारखेला बाबांना ऑक्टोबरचे ११,५०० देऊनही टाकले. म्हणजे बाबांकडे एक महिन्याचं भाडं नकळत पडून होतं.

तीन महिन्यांपैकी दोन महिन्यांचं भाडं पोचलेलं आणि एका महिन्याचं खरंच थकलेलं, असा हिशेब निघाला. हे आधी कळलं म्हणून पुढचं सगळं सोपं गेलं. "तिन्ही भरले आहेत" असं ठामपणे लिहून पाठवलं असतं आणि काकांनी पासबुक उघडून ऑक्टोबर दाखवला असता, तर उरलेल्या दोन महिन्यांच्या खऱ्या पुराव्यावरचाही त्यांचा विश्वास उडाला असता. ऑक्टोबरचे ११,५०० मुलीने त्याच संध्याकाळी, १९ नोव्हेंबरला, स्वतःच्या खात्यातून भरले.

आता मुख्य मुद्दा: दुसऱ्याच्या खात्यातून आलेलं भाडं कायद्याने चालतं का? चालतं. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ४१ हेच सांगतं. ज्याचं देणं यायचं त्याने ते तिसऱ्या माणसाकडून स्वीकारलं, तर तेच देणं तो मूळ देणेकऱ्याकडून पुन्हा वसूल करू शकत नाही. भाडं भरणं हे चित्र काढून देण्यासारखं काम नाही की ते त्याच माणसाच्या हातून व्हायला हवं. पैसे कुणाच्या खिशातून आले यापेक्षा ते कुणाच्या वतीने दिले आणि घेणाऱ्याने ठेवून घेतले का, एवढंच पाहायचं असतं. काकांकडे सप्टेंबरचे पैसे अडीच महिने आणि नोव्हेंबरचे दोन आठवडे होते. त्यांनी ना ते परत केले, ना काही हरकत घेतली.

या कलमातला "स्वीकारलं" हा शब्द मात्र हलक्यात घेऊ नये. घरमालकाने पैसे येताच "हे कुणाचे आहेत मला माहीत नाही, मी घेत नाही" असं कळवून परत पाठवले, तर स्वीकार झालाच नाही आणि भाडं थकलेलंच राहतं. म्हणून तिसऱ्याच्या खात्यातून भरताना घरमालकाला त्याच दिवशी कळवावं. आपल्या वतीने आलेले पैसे त्याने जाणून घेतले आहेत, याचा तो पुरावा होतो.

नोव्हेंबरच्या १२,७४० बद्दल एक गाठ होती. ऑक्टोबर थकल्याचं कळल्यावर काका म्हणू शकले असते की हे पैसे मी ऑक्टोबरला लावतो आणि उरलेले नोव्हेंबरच्या खात्यात धरतो. इथे त्याच कायद्याचं कलम ५९ उपयोगी पडतं. पैसे कोणत्या देण्यासाठी आहेत हे देणाऱ्याने सांगितलं असेल, किंवा परिस्थितीवरून ते स्पष्ट होत असेल, तर घेणाऱ्याने ते त्याच देण्याला लावायचे. कायद्यात याचं उदाहरणही आहे: एकाने दुसऱ्याला बरीच देणी द्यायची आहेत, त्यातलं १,००० रुपयांचं एक देणं १ जूनला द्यायचं आहे, तेवढ्या रकमेचं दुसरं देणं नाही, आणि त्या दिवशी तो नेमके १,००० देतो. मग ते पैसे त्याच देण्याचे. इथे १ नोव्हेंबरला काकांनी स्वतःच चिठ्ठी दिली होती: १५५ युनिट, १,२४० रुपये. त्यात भाडं मिळवलं की १२,७४० होतात, एक रुपया इकडे ना तिकडे. ती चिठ्ठी मुलीने फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवली होती, म्हणून हाताशी होती. तरीही इतका नेमका आकडा दर वेळी जुळून येईलच असं नाही. भाडं आणि वीज वेगवेगळे पाठवावेत.

हे सगळं हातात आल्यावर मुलीने काकांना लिहिलं. व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवली आणि छापून सही केलेली प्रतही मागच्या दाराने नेऊन दिली:

"आदरणीय काका,
तुमचा १८ तारखेचा निरोप वाचला. मी तुमचं पासबुक आणि बाबांचं स्टेटमेंट एकमेकांशी ताडून पाहिलं. त्यातून हिशेब असा निघतो.
सप्टेंबरचं भाडं ११,५००: ४ सप्टेंबरला बाबांच्या खात्यातून (शेवटचे चार आकडे ४४७१) तुमच्या खात्यात जमा. तुमच्या पासबुकात पेन्सिलने खूण केलेली नोंद तीच.
नोव्हेंबरचं भाडं ११,५०० आणि ऑक्टोबरच्या विजेचे १,२४०, एकूण १२,७४०: ५ नोव्हेंबरला त्याच खात्यातून जमा. तुमची १ तारखेची चिठ्ठी सोबत जोडली आहे.
ऑक्टोबरचं भाडं ११,५००: बाबांनी ५ ऑक्टोबरला पाठवलं, पण व्यवहार फसून पैसे त्यांच्याकडे परत आले. हे आमच्या लक्षात आलं नाही, चूक आमची आहे. काल १९ तारखेला माझ्या खात्यातून भरलं आहे.
बाबांनी हे पैसे माझ्या वतीने, माझ्या भाड्यापोटी दिले आहेत. भाडेकरू मीच आहे, राहते मीच. बाबांचा या जागेवर काही हक्क नाही आणि ते तसा सांगणारही नाहीत. त्यांची सही असलेलं पत्र जोडलं आहे.
आता माझ्याकडे काही बाकी नाही. कृपया तिन्ही महिन्यांच्या पावत्या माझ्या नावाने द्याव्यात.
आधी सांगायला हवं होतं, ते राहून गेलं, त्याबद्दल क्षमा असावी.
तुमची,
(सही, २० नोव्हेंबर २०२५)"

बाबांच्या पत्रात चारच वाक्यं होती: माझ्या या खात्यातून या तारखांना ही रक्कम मी मुलीच्या सांगण्यावरून तिच्या भाड्यापोटी व विजेपोटी पाठवली आहे, त्या जागेचा मी भाडेकरू नाही, माझा त्यावर हक्क नाही, ही रक्कम मी घरमालकांकडून परत मागणार नाही. शेवटचं वाक्य सहसा विसरलं जातं. घरमालकाच्या मनातली एक मोठी धास्ती हीच असते की उद्या बाप येऊन म्हणेल, ते पैसे उसने दिले होते, परत द्या. स्टेटमेंट देताना बाबांच्या बाकीच्या नोंदी झाकल्या आणि ताडून पाहिलेल्या नोंदी तेवढ्या ठेवल्या. घरमालकाला बापाचा पगार किंवा निवृत्तिवेतन बघायची गरज नाही.

काकांनी पत्र वाचलं आणि समोरासमोर तीन गोष्टी विचारल्या. तिन्ही बिनबुडाच्या नव्हत्या.

पहिली, उद्या तुझे बाबा भाडेकरू म्हणून उभे राहिले तर? नुसते पैसे पाठवल्याने कुणी भाडेकरू होत नाही. पण पावती बाबांच्या नावाने फाडली, किंवा बाबांच्या नावाने पत्रव्यवहार सुरू केला, तर घरमालकाने त्यांना भाडेकरू मानलं असा अर्थ काढायला जागा होते. म्हणून पावती मुलीच्या नावाची असण्यात दोघांचंही हित आहे. पोटभाडेकरू ठेवल्याचा संशयही इथे टिकत नाही. मध्य प्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम, १९६१ च्या कलम १२ मध्ये घर खाली करून घेण्याची जी कारणं दिली आहेत, त्यांत जागा दुसऱ्याला भाड्याने देणं किंवा तिचा ताबा सोडणं हे एक आहे. पैसे कोणत्या खात्यातून आले याचा ताब्याशी संबंध नाही.

दुसरी, आयकराचं काय? भाडं कुणीही भरलं तरी ते काकांचं घरापासूनचं उत्पन्नच राहतं, त्यावरची ३० टक्क्यांची वजावटही तशीच मिळते. खरी काळजी मुलीला घ्यायची आहे. जुन्या कररचनेत घरभाडे भत्त्याची सूट घ्यायची तर भाड्याचा खर्च तिने स्वतः सोसलेला असायला हवा. इथे ती दर महिन्याला बाबांना पैसे परत देत होती, त्या नोंदी तिच्या स्टेटमेंटमध्ये आहेत, म्हणून बाजू सांभाळली जाते. बाबांनी स्वतःच्या पैशांतून भाडं भरलं असतं आणि मुलीने परत केलं नसतं, तर भाडं वैध ठरलं असतं, पण सूट मागणं योग्य नव्हतं. या दोन गोष्टींची गल्लत करू नये. वर्षाचं भाडं १,३८,००० होतं, म्हणजे एक लाखाच्या वर, त्यामुळे कंपनी काकांचा पॅनही मागते. तो आधीच मागून घेतलेला बरा.

तिसरा प्रश्न काकांनी जरा चाचरतच विचारला: अनोळखी खात्यातून पैसे आले आणि माझं खातं गोठवलं तर? सायबर फसवणुकीचा पैसा ज्या ज्या खात्यांतून फिरतो, त्यांतली रक्कम तपासात अडकते, हे त्यांनी ऐकलं होतं. भीती रास्त आहे. म्हणूनच खातं "अनोळखी" राहता कामा नये. बाबांचं नाव, खात्याचे शेवटचे चार आकडे आणि त्यांचं पत्र काकांच्या फाइलीत असलं, की बँकेने विचारलं तरी दाखवायला करार आणि पत्र दोन्ही असतात. याच कारणासाठी भाडं कधीही मित्राच्या किंवा सहकाऱ्याच्या खात्यातून पाठवू नये. आईवडिलांचं नातं समजावून सांगता येतं. "माझ्या रूममेटच्या भावाने पाठवले" हे कुणाच्याच गळी उतरत नाही.

काकांनी पत्रानंतरही पैसे मान्य केले नसते तर? एवढ्याने घर सोडावं लागत नाही. थकबाकीवरून जागा खाली करून घ्यायची तर वरच्याच अधिनियमात घरमालकाला आधी मागणीची नोटीस द्यावी लागते, आणि ती मिळाल्यापासून दोन महिन्यांत थकलेलं सगळं भाडं भाडेकरूने दिलं किंवा देऊ केलं तर ते कारण उरत नाही. ऑक्टोबरचे पैसे दुसऱ्याच दिवशी भरल्याने ती खिडकीही बंद झाली होती. घरमालक भाडं घ्यायलाच तयार नसेल, तर ते भाडे नियंत्रण प्राधिकाऱ्याकडे जमा करता येतं. मात्र करारात "भाडं फक्त भाडेकरूच्या स्वतःच्या खात्यातूनच भरावं" असं स्पष्ट लिहिलेलं असेल, किंवा घरमालकाने आजपासून तसं लेखी कळवलं असेल, तर पुढचं भाडं स्वतःच्याच खात्यातून भरावं. आधी जे स्वीकारलं ते स्वीकारलंच, पण पुढे हट्ट धरण्यात अर्थ नाही.

२३ नोव्हेंबरला काकांनी डायरीच्या पानांवर तीन पावत्या लिहून दिल्या. सप्टेंबरच्या पावतीत त्यांनी लिहिलं: "माझ्या सुदामा नगर येथील घराच्या वरच्या मजल्याच्या भाडेकरू यांचेकडून, त्यांच्या वडिलांच्या खात्यामार्फत, सप्टेंबर २०२५ चे भाडे रु. ११,५०० मिळाले." भाडेकरूच्या जागी मुलीचं पूर्ण नाव, "खात्यामार्फत" हा शब्द काकांना स्वतःला सुचलेला. खाली सही आणि तारीख.

मग कराराच्या मागच्या कोऱ्या बाजूला दोघांनी एक ओळ वाढवली आणि दोघांनी सह्या केल्या: "भाडेकरूच्या वडिलांच्या खात्यातून (शेवटचे आकडे ४४७१) आलेले भाडे भाडेकरूने दिलेले भाडे मानले जाईल, पैसे पाठवलेल्या दिवशी भाडेकरू महिना, रक्कम व संदर्भ क्रमांक घरमालकास कळवील, पावती भाडेकरूच्या नावाने दिली जाईल." डिसेंबरच्या ४ तारखेला बाबांनी ११,५०० पाठवले, यशस्वी झाल्याची खूण पाहून मुलीला कळवलं आणि मुलीने काकांना १२ आकडी क्रमांकासकट निरोप धाडला. काकांनी तो तसाच पासबुकात पेन्सिलने लिहून ठेवला, छापील नोंद यायच्या आधीच.